बाळाच्या पहिल्या फोटोखाली काय लिहावं : आभार, जागरण आणि मोजक्या ओळी

बाळाचा पहिला फोटो टाकताना बहुतेक जण दोनपैकी एका वाटेने जातात. एक वाट "ईश्वरकृपेने आमच्या घरी गोंडस परीचे आगमन झाले" अशी असते, दुसरी "झोपेला आता रामराम" अशी. पहिलीत आभार आहेत, पण ते कुणाच्याही बाळाच्या फोटोखाली चालतील. दुसरीत विनोद आहे, पण तोही सगळ्यांचाच. मग कुणीतरी दोन्ही एकत्र करायला जातं आणि "देवाचे खूप खूप आभार, आता झोप विसरा हाहाहा" असं काहीतरी तयार होतं. आभार संपतात कुठे आणि थट्टा सुरू होते कुठे, ते वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

आभार आणि विनोद ही दोन वेगळी वाक्यं म्हणून लिहायची नाहीत. दोन्ही एकाच रात्रीतून, जमलं तर एकाच प्रसंगातून काढायची. रात्री तीनला बाळ रडतं तेव्हा घरातलं कुणीतरी उठतं. उठावं लागतं, यात गंमत आहे. उठणारं माणूस घरात आहे, याबद्दल आभार आहेत. हा एक प्रसंग सापडला की कॅप्शन निम्मं लिहून झालं.

जन्माच्या दिवशी लिहू नका

बातमी जन्माच्या दिवशीच द्यायची असते. ती साध्या शब्दांत, फोनवर किंवा घरच्या ग्रुपवर द्या : मुलगी झाली, किती वाजता झाली, वजन किती, दोघी बऱ्या आहेत. फोटो आणि कॅप्शन यांना मात्र पाच-सात दिवस थांबवा.

याला कारण आहे. जन्मानंतरचे पहिले चोवीस तास बाळ बहुधा पेंगत असतं. बाळंतपणाचा शीण त्यालाही असतोच. त्या दिवशी घरचे म्हणतात, "किती शहाणं आहे, रडतसुद्धा नाही." खरा प्रकार बहुतेकदा दुसऱ्या रात्री सुरू होतो. बाळ सारखं अंगावर प्यायला मागतं, खाली ठेवलं की रडतं, उचललं की गप्प. म्हणजे जन्माच्या दिवशी तुम्ही झोपेवर लिहिलेला विनोद ऐकीव असतो. दहा जणांनी "आता झोपून घ्या" म्हणून चिडवलेलं असतं आणि तेच तुम्ही पुढे ढकलता. चार रात्री काढल्यावर जे लिहाल ते तुमचं स्वतःचं असेल.

आपल्याकडे पाचवी आणि बारसं हे दोन थांबे आहेतच. पाचवीनंतर आणि बारशाच्या आधी हे कॅप्शन अगदी बरोबर बसतं. बारशाच्या फोटोंना वेगळा मजकूर लागतो, तिथे नाव असतं, पाळणा असतो, माणसांची गर्दी असते.

रात्री टिपून ठेवा, दिवसा लिहा

कॅप्शन लिहायला बसून सुचत नाही, कारण सकाळपर्यंत रात्रीतलं नेमकं काही आठवत नाही. "खूप जागलो" एवढंच उरतं, आणि "खूप जागलो" यावर कुणी हसत नाही. म्हणून मोबाइलमध्ये एक नोंद उघडून ठेवा आणि रात्री हातात बाळ असताना एका अंगठ्याने जमेल तेवढं टिपा. शुद्धलेखन नको, वाक्य नको. किती वाजले होते, कोण उठलं, कोण काय बोललं, बाळ कशाने गप्प झालं. बाळ गप्प करण्यासाठी माणसं काय काय करतात ते जरूर लिहा, कारण खरा माल तिथे असतो. कुणी कुकरची शिटी वाजवल्यासारखा आवाज काढतं, कुणी पंख्याकडे तोंड करून उभं राहतं, कुणी अंगाई विसरल्यामुळे पाढे म्हणतं.

थोडी माहितीही हाताशी असू द्या, तिच्यातून विनोद निघतो. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं. पण सलग नाही, दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. सुरुवातीच्या दिवसांत दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. दिवस आणि रात्र यातला फरक त्याच्या शरीराला कळायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे बाळ आपल्यापेक्षा दुप्पट झोपतं आणि तरीही घरात कुणाची झोप होत नाही. "डॉक्टर म्हणाले सोळा तास झोपेल, ते सोळा तास आम्ही अजून शोधतोय" हे वाक्य या एका गोष्टीतून आलं. ते खरं आहे, म्हणूनच हसू येतं.

आभार कुणाचे

"सर्वांचे मनःपूर्वक आभार" यात कुणीच नसतं. ज्यांच्यासाठी ते लिहिलं त्यांनाही कळत नाही की आपल्याबद्दल आहे. फोटोखालच्या तीन-चार ओळींत एकाच माणसाला, फार तर दोघांना जागा असते, तेव्हा निवड करावीच लागते.

निवडताना पद किंवा नातं बघू नका, रात्र बघा. कुणामुळे एक रात्र सोपी गेली? ती वॉर्डातली नर्स असेल, जिने बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते पहाटे चारला न चिडता तिसऱ्यांदा दाखवलं. शेजारच्या काकू असतील, ज्यांनी डबा दारात ठेवून बेल न वाजवता नुसता मेसेज केला. (बेल न वाजवणं हा या दिवसांतला सगळ्यात मोठा उपकार आहे, आणि तो फार थोड्यांना सुचतो.) मालिश करायला येणाऱ्या मावशी असतील. ज्याने दुचाकीवरून रात्री औषध आणून दिलं तो मित्र असेल.

देवाचे आभार मानायचे असतील तर जरूर माना, पण ते एका छोट्या वाक्यात आणि तुमच्या घरच्या शब्दांत. तुमचं कुलदैवत असेल तर त्याचं नाव घ्या. "ईश्वरकृपेने" या शब्दाला पत्रिकेचा वास येतो, "खंडोबाने ऐकलं" हे घरातलं वाटतं.

राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न येतोच. आत्या रुसेल, मामी विचारेल. उत्तर सोपं आहे. फोटोखाली एकाचे आभार, बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या फोनवर एकेक ओळ. यादी फोटोखाली टाकलीत तर तिच्यातून सुटलेलं एक नाव पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल. यादीच नसली तर कुणी सुटतही नाही.

विनोदाचा रोख

विनोद कुणावर करायचा हे आधी ठरवा, शब्द नंतर. तो स्वतःवर केला तर नेहमी चालतो. बाळावर केला तर जपून : "आमची झोप उडवणारा राक्षस" हे लिहिताना गोड वाटतं, पण हे बाळ पंधरा वर्षांनी ते वाचणार आहे. बाळाला मोठेपण देणारी थट्टा मात्र छान जमते. त्याला साहेब करा, मॅडम करा, घरमालक करा. तो ऐटीत आणि आपण नोकरीवर.

बाळंतिणीवर विनोद अजिबात नको, नवऱ्याने लिहिलेला तर नकोच. तिचे विस्कटलेले केस, तिची चिडचिड, तिचं वाढलेलं वजन हे विषयच नाहीत. टाके दुखत असताना ती दर दोन तासांनी उठून बसते आहे. आणि आणखी एक, सासूवरचे विनोद. ती बाई त्याच वेळी आत डिंकाचे लाडू वळत असते.

मराठीत जागरणाचा माल भरपूर आहे, तो वापरा. इंग्रजीतून आलेली "झोप म्हणजे काय ते विसरलो" छापाची वाक्यं कशाला? काही जुने धागे आणि त्यांचं काय करता येतं ते बघा.

जागरण-गोंधळ तर हाताशीच आहे. "जागरण आमचं, गोंधळ तिचा" हे चार शब्दांत होतं. पण हे अनेकांना सुचतं, म्हणून इथे थांबू नका. गोंधळात दिवटी असते. तुमच्याकडे रात्री दुपटं बदलताना मोबाइलची बॅटरी कोण धरून उभं असतं? "जागरण आमचं, गोंधळ तिचा, आणि दिवटी धरायला आजी." आता ते फक्त तुमच्या घरचं झालं, आणि आजीचे आभारही त्यातच आले.

कोजागरीला सगळे जागतात आणि आटीव दूध पितात. "आमच्याकडे सध्या रोजच कोजागरी. जागतात सगळे, दूध एकटीलाच." आश्विनात जन्मलेल्या बाळाला हे जास्तच शोभतं, कारण त्या रात्री घरातल्या पहिल्या अपत्याला ओवाळायची पद्धत आहे.

पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते असं मानतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, घरातले जागतात. "सटवाईने तिच्या कपाळी काय लिहिलं ते सटवाईलाच ठाऊक. आमचं जागरण मात्र पाचवीलाच पुजलं गेलं." हा विनोद पाचवी पूजणाऱ्या घरातच कळेल. कॅप्शन ज्यांच्यासाठी आहे त्यांना कळलं म्हणजे झालं, तरी मित्रमंडळी बाहेरची जास्त असतील तर दुसरा धागा घ्या.

आणि रात्रपाळी. पिंपरी-चिंचवड, सातपूर, बुटीबोरी अशा ठिकाणी ज्यांच्या घरात कुणी कारखान्यात आहे, त्यांना पहिली-दुसरी-तिसरी पाळी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

एक कॅप्शन कसं घडलं

माझ्या मावसभावाला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, त्यामुळे वहिनी माहेरी सांगलीला. हा चिंचवडहून रजा टाकून तिथे गेलेला. आठव्या दिवशी त्याने मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "काहीतरी भारी सुचव."

फोटोत बाळ त्याच्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामांच्या, खांद्यावर झोपलेलं. डोक्याला टोपडं, गाल खांद्यावर चेपलेला, तोंड अर्धवट उघडं, आणि खांद्यावरच्या पंच्यावर दुधाचा ओला डाग. सासऱ्यांचा चेहरा अर्धाच दिसतो, पण डोळे तारवटलेले. हा पहाटेचा फोटो आहे हे सांगावं लागत नव्हतं.

त्याचा पहिला मसुदा असा होता :

"आमच्या आयुष्यात एका छोट्या परीने पाऊल टाकले आहे. देवाचे आणि सर्व कुटुंबीयांचे आभार. झोपेचे तीनतेरा वाजलेत पण एक हसू बघितले की सगळा थकवा निघून जातो."

यात चूक काहीच नाही. पण फोटोतल्या खांद्याबद्दल, पंच्याबद्दल, पहाटेबद्दल एक शब्द नाही. आणि "एक हसू बघितले की" हे तर खरंही नाही. आठव्या दिवशी बाळ झोपेत ओठ हलवतं ते वेगळं, माणसाकडे बघून हसायला सहा-आठ आठवडे लागतात. मी त्याला विचारलं, "हा फोटो किती वाजताचा? मामांच्या खांद्यावर कशी काय?"

मग खरी गोष्ट आली. त्याचे सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. रात्री बाळ रडायला लागलं की ते तिला घेऊन अंगणात जातात आणि येरझारा घालतात. अंगाई येत नाही म्हणून थांबे पुकारतात. सांगली-स्वारगेट गाडीचे, क्रमाने, त्याच जुन्या चालीत : आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा. आणि बाळ बहुतेक वेळा कराडच्या आसपास झोपतं.

"हेच लिही," मी म्हणालो.
"हे? हे तर असंच आहे आमच्याकडे रोजचं."

रोजचं आहे म्हणूनच. दुसऱ्या मसुद्यात त्याने गोष्ट लिहिली, पण शेवटी तोल गेला :

"आजोबा रात्री थांबे पुकारत तिला झोपवतात. कराडला ती झोपते आणि आम्ही स्वारगेटपर्यंत जागे असतो हाहा. मामा, तुमच्या या ऋणातून आम्ही सात जन्म उतराई होऊ शकणार नाही."

विनोद बसला. "हाहा" काढलं, कारण आपणच हसून दाखवलं की वाचणाऱ्याचं हसू कमी होतं. सात जन्म काढले. सासऱ्यांनी ते वाचलं असतं तर संकोचून मोबाइल खाली ठेवला असता. त्या पिढीतल्या माणसांना एवढे मोठे आभार घेता येत नाहीत. त्याऐवजी मी विचारलं, मामा तिला बाहेर नेतात तेव्हा घरात काय होतं? तो म्हणाला, "ही झोपते. तेवढेच दोन तास तिची पाठ टेकते." ते वाक्य आभारांच्या जागी आलं. वहिनीचाही उल्लेख झाला आणि कुणाला ओशाळवाणंही वाटलं नाही.

"आम्ही" चं "मी" झालं, कारण वहिनी झोपलेली असते. छोटा फरक, पण तो केला नसता तर तिसरी आणि चौथी ओळ एकमेकींना खोटं पाडत होत्या.

शेवटी जे टाकलं ते असं :

"मुलगी झाली. आई आणि लेक, दोघी छान आहेत.
तिचे आजोबा एसटीत कंडक्टर होते. रात्री तीनला तिला खांद्यावर घेऊन अंगणात थांबे पुकारतात : आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका, कराड, उंब्रज, सातारा…
मॅडम कराडलाच झोपतात. मी स्वारगेटपर्यंत जागा.
मामा, तुम्ही तिला घेता म्हणून पहाटे तिच्या आईची दोन तास पाठ टेकते."

आभार शब्द कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. गरज पडली नाही. आणि क्रम मुद्दाम तसा आहे : बातमी, प्रसंग, हसू, मग आभार. विनोद शेवटी ठेवला तर लोक हसून पुढे सरकतात आणि ज्याच्यासाठी लिहिलं ते माणूस मागे राहतं. आभार शेवटी असले की ते हसऱ्या चेहऱ्याने वाचले जातात, जड होत नाहीत.

"थांबे पुकारतात" नंतर सगळे थांबे लिहायचे की दोनच, यावर आमचा वाद झाला. लांबी वाढते हे खरं. पण वाचताना आपणही तो सूर लावतो आणि कराड आलं की थांबतो, त्यावरच पुढचं वाक्य उभं आहे. ज्या तपशिलावर विनोद टेकलेला आहे तिथे कात्री लावू नये. बाकी कुठेही लावावी.

पहिली ओळ

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २२०० अक्षरांची मर्यादा आहे, तेवढी कुणाला लागत नाही. अडचण वेगळीच आहे : फोटोखाली पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणून बातमी पहिल्याच ओळीत आणि छोट्या शब्दांत. "आम्हांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की" एवढ्यातच ती जागा जाते आणि मुलगा की मुलगी ते पडद्याआड राहतं.

मराठीत एका क्रियापदाने काम भागतं. "आली" म्हटलं की मुलगी, "आला" म्हटलं की मुलगा. इतक्यात सांगायचं नसेल तर "बाळ आलं" म्हणा आणि पुढेही शेवटपर्यंत "ते" च ठेवा. तिसऱ्या ओळीत चुकून "झोपतो" लिहून फोडलेली गुपितं मी पाहिली आहेत.

मुलगी झाल्यावर "पहिली बेटी, धनाची पेटी" किंवा "लक्ष्मी आली" लिहायचं का? माझं मत, नको. प्रेमाने लिहितात हे खरं, पण त्यात एक समजूत घातल्याचा सूर असतो. मुलगा झाल्यावर कुणाला अशी म्हण शोधावी लागत नाही.

व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर फोटो चोवीस तासांत जातो आणि लोक तो चालता चालता बघतात, तिथे एकच ओळ पुरे : "मॅडम कराडलाच झोपतात. मी स्वारगेटपर्यंत जागा." पण नुसती ही ओळ कुणाला कळणार? घरच्यांना. स्टेटस घरच्यांपुरतं ठेवणार असाल तर छान, नाहीतर आजोबांचं वाक्य लागेलच.

लिहिणारं माणूस बदललं तर

आईने लिहिलेलं वेगळं असतं, कारण ती स्वतःच्या थकव्यावर मोकळेपणाने हसू शकते. तिच्या आभारांचा रोख बहुतेकदा तिच्या आईकडे जातो. उदाहरणार्थ :

"डॉक्टर म्हणाले, सोळा तास झोपेल. ते सोळा तास आम्ही अजून शोधतोय.
रात्री दीडला न मागता अळिवाची खीर पुढे करणारी आई, तुझी झोपही मी अशीच उडवली असणार. तेव्हा तुला खीर कुणी दिली होती?"

प्रश्नावर थांबलं की उत्तर देण्याचा मोह आवरा. तिची आई देईल, खाली किंवा समोरासमोर.

आजीला लिहायचं असेल तर तिचीच भाषा राहू द्या, नातवाने टाइप करून दिलं तरी :

"तीस वर्षांनी पुन्हा रात्रपाळी लागली. पगार नाही, पण बोट घट्ट धरून ठेवतो. सूनबाई, तू झोप. हा माझ्याकडे आहे."

परदेशातल्यांची अडचण निराळी. तिथे रात्री उठायला घरात तिसरं माणूस नसतं. पण घड्याळ मदतीला येतं. न्यू जर्सीत उन्हाळ्यात रात्रीचे तीन वाजतात तेव्हा पुण्यात दुपारचे साडेबारा झालेले असतात, म्हणजे आजी जागी असते :

"इथे रात्रीचे तीन, पुण्यात दुपारचे साडेबारा. आजी ताट बाजूला सारून फोनवर अंगाई गाते. बाळ टक्क जागं, बाबा झोपला.
आई, जेवून घे आता."

शेवटच्या तीन शब्दांत आभार आहेत. हिवाळ्यात मात्र हाच फरक साडेनऊ तासांचा साडेदहा होतो, तेव्हा दीड लिहा. नातेवाईक हिशोब तपासतात.

जिथे विनोद थांबवायचा

बाळ काचेच्या पेटीत असेल, कमी दिवसांचं असेल, अजून घरी आलेलं नसेल, तर जागरणाचा विनोद बाजूला ठेवा. त्या जागरणात गंमत नसते. तेव्हा फक्त आभार लिहा, नर्सचे, डॉक्टरांचे, बाहेर बाकड्यावर बसून राहिलेल्या माणसाचे. बाळ घरी येऊन आठ दिवस झाले आणि नेहमीसारखं रडायला लागलं की मग थट्टेला सुरुवात करा. "आता रडते, आणि आम्हाला बरं वाटतं" हे वाक्य अशा घरात फार खरं असतं.

दुसरी जागा नाजूक आहे. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं, मन हळवं होणं हे पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. पण बाळ झोपलेलं असताना, घेणारं माणूस असतानाही तिला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, तर तो जागरणाचा विनोद नव्हे. त्या वेळी कॅप्शन राहू द्या आणि तिला डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांकही आहे. ओळखायची एक खूण : विनोद तिला वाचून दाखवा. ती हसली नाही, नुसती बघत राहिली, किंवा "नको टाकूस" म्हणाली, तर कारण न विचारता पुसा आणि तिच्याजवळ बसा.

टाकण्याआधी

आधी फोटो मोठा करून बघा. बाळाच्या मनगटावर किंवा पायाला हॉस्पिटलचा पट्टा असतो, त्यावर आईचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो. मागे केसपेपर असतो, औषधाची चिठ्ठी असते. ते कापून टाका. उघडं बाळ गोड दिसलं तरी तो फोटो घरच्या अल्बमात ठेवा, दुपटं गुंडाळलेला टाका. तीट लावलेली असेल तर ती राहू द्या, आजीला दिलासा मिळतो. (काजळ डोळ्यांत नको असं डॉक्टर सांगतात, तीट कपाळावर किंवा तळपायाला.)

मग मजकूर मोठ्याने वाचा. जिथे तुम्ही स्वतः अडखळता तिथे पुस्तकी शब्द बसलेला असतो : "आगमन", "प्राप्त", "मनःपूर्वक". तो बदलून बोलण्यातला घाला. इमोजी एक किंवा दोन, त्याहून जास्त झाली की ओळीच दिसत नाहीत.

ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना आधी दाखवा. मावसभावाने दाखवलं, तर मामांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, "पेठ नाका म्हणायचं, नुसतं पेठ नको." ते आधीच बरोबर होतं. दुसरं, "कंडक्टर नको, वाहक लिही, खात्यात तसंच लिहायचे." त्यावर वहिनी म्हणाली, "बाबा, गावात तुम्हाला वाहक कोण म्हणतं?" कंडक्टरच राहिलं.

नाव बारशाआधी फुटणार नाही याची खात्री करा. कॅप्शनमध्ये नसतं, पण खाली आलेल्या "काय नाव ठेवलं?" ला आत्याने उत्साहात दिलेलं उत्तर असतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आणि त्या प्रश्नाला एकच उत्तर ठरवा : "बाराव्या दिवशी या, कानात सांगू."